जाळे विणणारीची नोंद: पीएम विश्वकर्मा योजनेचा अर्ज कुठे अडतो आणि का

किनाऱ्यावरच्या गावांत पीएम विश्वकर्मा योजनेचे नाव निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमचा मासेमारीचा धंदा, आम्हाला लागू आहे का?" उत्तर नीट समजून घ्यावे लागते. मासे पकडणाऱ्याला ही योजना लागू नाही. मासे विकणारीलाही नाही. हाताने जाळे विणणाऱ्याला आणि होडी बांधणाऱ्याला मात्र आहे. हाताने काम करणाऱ्या कारागिरांना प्रशिक्षण, अवजारांसाठी व्हाउचर आणि कमी व्याजाचे कर्ज देणाऱ्या, 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या या योजनेत 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, शिंपी, बुरूड यांच्या यादीत जाळे विणणारे आणि होडी बांधणारे हे दोन व्यवसाय थेट कोळीवाड्यातले आहेत. पण घरातल्या बाईचे जाळे विणणे हा वेगळा व्यवसाय आहे, असे घरातच कोणी धरत नाही. त्यामुळे अर्ज नवऱ्याच्या नावाने, "मच्छीमार" असे सांगून करायला जातात आणि पहिल्याच पायरीवर परततात.

कोळीवाड्यांतल्या कुटुंबांसोबत आम्ही या नोंदणीचे टप्पे पार करतो. इथे एकाच कुटुंबाचा अर्ज सुरुवातीपासून मांडतो, कारण किनाऱ्यावरच्या बहुतेक घरांची मांडणी अशीच असते. बाई 42 वर्षांची आहे. डोल जाळ्याची दुरुस्ती करते आणि हाताने फेकायचे पाग विणते. नवरा दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. मुलगा 20 वर्षांचा, अविवाहित, शिकतो आहे आणि सुट्टीत मामाकडे सुतारकाम करतो.

अर्ज कोणाच्या नावाने करायचा, हे केंद्रावर जायच्या आधीच घरात ठरायला हवे. योजनेत एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. मुलाने सुतार म्हणून नोंद केली की आईचा अर्ज संपला. वय किमान 18 हवे, नोंदणीच्या वेळी तो व्यवसाय स्वतः, हाताने आणि अवजारांनी करत असायला हवे, आणि कुटुंबात कोणी सरकारी नोकरीत नसावे. शिवाय मागच्या 5 वर्षांत मुद्रा, पीएम स्वनिधी किंवा पीएमईजीपीसारख्या योजनेतून कर्ज घेतलेले नसावे. यात एक सवलत आहे, ती पुष्कळांना ठाऊक नसते. मुद्रा आणि स्वनिधीचे कर्ज पूर्ण फेडले असेल तर अर्ज करता येतो. अशा वेळी बँकेकडून कर्ज बंद झाल्याचे पत्र आधीच घेऊन ठेवावे. या घरात निर्णय सोपा होता. वर्षभर रोज ते काम करणारी बाईच होती, मुलाचे सुतारकाम सुट्टीपुरते होते.

आता कागद. आधार, आधारला जोडलेला मोबाइल, बँक पासबुक आणि रेशनकार्ड एवढेच लागते. रेशनकार्ड नसेल तर कुटुंबातल्या सगळ्यांची आधार कार्डे द्यावी लागतात. यादी छोटी आहे, पण अडचण कागद नसण्यात नसते, कागद एकमेकांशी न जुळण्यात असते. मोबाइल हे त्याचे सर्वांत नेहमीचे रूप. आधारला जोडलेला नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा असतो, किंवा रिचार्ज न केल्यामुळे बंद पडलेल्या जुन्या सिमचा असतो. नवऱ्याचा नंबर असेल आणि तो समुद्रात असेल तर ओटीपी येतो बोटीवर, जिथे रेंज नाही. म्हणून बाईच्या स्वतःच्या हातात असलेला नंबर आधी आधार केंद्रावर जाऊन जोडून घ्यावा. पुढे प्रत्येक टप्प्याचा संदेश त्याच नंबरवर येणार आहे.

दुसरी गोष्ट रेशनकार्डाची. एकत्र कुटुंबाच्या कार्डावर दीर-जाऊ आणि त्यांची मुले असतात, कधी लग्न होऊन गेलेल्या नणंदेचे नावही तसेच राहिलेले असते. त्या कार्डावरच्या दुसऱ्या कोणी आधीच अर्ज केला असेल तर "कुटुंबातून एकच" या अटीवर नवा अर्ज अडकू शकतो. दोन चुली खरोखर वेगळ्या असतील तर तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत कार्ड विभक्त करून घेणे हाच खरा उपाय आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून ते पहिल्यांदा हाती घ्यावे.

नोंदणी सीएससी, म्हणजे सरकारी ऑनलाइन कामांच्या सामाईक सेवा केंद्रावर होते आणि तिच्यासाठी अर्जदाराने पैसे द्यायचे नसतात. केंद्रचालक pmvishwakarma.gov.in वर स्वतःच्या लॉगिनने शिरतो, मोबाइल आणि आधारची पडताळणी करतो आणि मग बोटाचे ठसे घेतो. जाळेवाल्यांची खरी परीक्षा इथेच असते. नायलॉनच्या दोऱ्याची गाठ आवळताना तर्जनी आणि अंगठा सतत घासला जातो. त्यात मीठ, बर्फ आणि मासळी साफ करण्याचे काम. ठशांच्या रेषा झिजतात आणि यंत्र पुन्हापुन्हा नाकारते. तिसऱ्या-चौथ्या वेळी केंद्रचालक "आधारमध्ये प्रॉब्लेम आहे" म्हणून परत पाठवतो, आणि बाईला वाटते की अर्जच नामंजूर झाला. तसे नसते. आधी दहाही बोटे करून पाहावीत. दोरा फारसा न लागणारी करंगळी आणि अनामिका पुष्कळदा चालतात. बोट कोरडे ठणठणीत असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. डोळ्याच्या बुबुळाचे यंत्र जवळच्या दुसऱ्या केंद्रात आहे का, हे विचारावे. तरीही जमले नाही तर आधार केंद्रावर जाऊन ठसे नव्याने नोंदवावेत आणि ते अद्ययावत झाल्याचा संदेश आल्यावरच पुन्हा यावे. नोंदणीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत जाळ्याचे आणि मासळीचे काम बंद ठेवता आले तर ठसे बरे उठतात. या बाईंचे ठसे डाव्या हाताच्या करंगळीवर घेतले गेले.

फॉर्ममध्ये व्यवसाय निवडायचा रकाना येतो तेव्हा खांद्यावरून कोणीतरी सल्ला देतो: "शिंपी लिहा, शिलाई मशीन मिळेल." हे करू नये. अर्ज पुढे गावातच पडताळला जातो आणि त्यानंतर हातातले काम प्रत्यक्ष तपासले जाते. पागाची आस, म्हणजे जाळ्यातली भोके, एकसारखी ठेवणारी बाई शर्टाची कॉलर कापू शकत नसेल तर ते तिथे दिसतेच. शिवाय अर्ज नाकारला तरी तिचे नाव चुकीच्या व्यवसायाखाली राहते. आपण करतो तेच निवडावे: मासेमारीचे जाळे विणणारे.

पुढचे दोन रकाने घाईत भरले जातात आणि महिनोन्महिने भोवतात. एक आहे पत्त्याचा. गाव ग्रामपंचायतीत आहे की नगरपंचायत-नगरपरिषदेत, हे नीट सांगावे लागते, कारण अर्ज पडताळणीसाठी त्याच कार्यालयाकडे जातो. किनाऱ्यावरच्या काही वस्त्या अलीकडे शहरी हद्दीत गेल्या आहेत, पण आधारवरचा पत्ता जुन्या ग्रामपंचायतीचा असतो. हद्द चुकली तर अर्ज अशा माणसाकडे जातो ज्याचा या बाईशी काही संबंध नाही. दुसरा रकाना कर्जाचा. कर्ज हवे का, किती हवे, कोणत्या शाखेतून हवे, आधीचे कर्ज किती शिल्लक आहे, कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न किती, हे सगळे तिथेच विचारले जाते. केंद्रचालक बऱ्याचदा स्वतःहून "1 लाख" आणि जवळची कोणतीही शाखा टाकून मोकळा होतो. शाखा आपले खाते आहे तीच लिहून घ्यावी आणि रक्कम घरी ठरवून यावी. रक्कम कशी ठरवायची ते पुढे सांगतो.

अर्ज दाखल झाला की क्रमांक मिळतो. तो लिहून घ्यावा आणि पावतीचा छापील कागद मागावा. त्यानंतर तीन पायऱ्या आहेत: गावात सरपंच किंवा शहरात पालिकेचे प्रमुख अधिकारी, मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा समिती, आणि शेवटी छाननी समिती. सर्वाधिक अर्ज पहिल्या पायरीवर पडून राहतात. सरपंचांना पोर्टलवर स्वतःचे लॉगिन घ्यावे लागते आणि अर्ज उघडून शिफारस करावी लागते. काही ग्रामपंचायतींत ते लॉगिनच घेतलेले नसते. काही ठिकाणी मुदत संपून प्रशासक आलेले असतात आणि नोंदीत अजून जुनेच नाव असते. स्थिती पाहताना अर्ज पहिल्याच टप्प्यावर थांबलेला दिसला तर सीएससी केंद्राला दोष देण्यात अर्थ नाही, ग्रामपंचायतीत जावे. ग्रामसेवकांना अर्ज क्रमांक द्यावा आणि लॉगिन चालू आहे का, एवढेच विचारावे. वस्तीतल्या चार-पाच जणींचे क्रमांक एकाच कागदावर लिहून नेले तर काम लवकर होते, कारण सरपंचांना एका बैठकीत सगळे अर्ज उघडता येतात.

सरपंचांनी पाहायचे असते ते एवढेच: ही बाई या गावात राहते का आणि हे काम करते का. ग्रामपंचायतीला शंका असेल तर विणत असलेल्या जाळ्यासोबतचा फोटो आणि जाळे नेणाऱ्या बोटमालकाचे साधे पत्र उपयोगी पडते. योजनेने असे पत्र मागितलेले नाही, पण जाळे विणणे घरात चालते, दुकानाची पाटी नसते, म्हणून आम्ही ते जवळ ठेवायला सांगतो.

तिन्ही पायऱ्या पार झाल्या की विश्वकर्मा प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळते. मग कौशल्याची तपासणी आणि 5 ते 7 दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये भत्त्यासह. आमच्या अनुभवात शिंप्यांची किंवा गवंड्यांची तुकडी लवकर भरते, जाळेवाल्यांची भरायला वेळ लागतो, कारण एका जिल्ह्यात अर्जच कमी असतात. आपल्या व्यवसायाचे जास्त अर्ज एकाच काळात गेले तर तुकडी लवकर लागते, हे वस्तीने लक्षात घ्यावे. तारखांचाही विचार हवा. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. बाहेरच्या माणसाला वाटते की प्रशिक्षणाला हाच काळ योग्य. पण बोटी किनाऱ्याला लागल्या की जाळ्यांच्या दुरुस्तीचा हंगाम सुरू होतो आणि जुलैच्या उत्तरार्धात तर बायांना डोके वर काढायला सवड नसते. तेव्हाची तारीख आली तर नंतरची तुकडी मागावी. न कळवता गैरहजर राहू नये.

भत्ता जमा होताना आणखी एक नेहमीचा घोटाळा होतो. फॉर्ममध्ये एका बँकेचे पासबुक दिलेले असते आणि थेट लाभाचे पैसे दुसऱ्याच खात्यात जातात, कारण असे पैसे त्या वेळी आधारशी थेट लाभासाठी जोडलेल्या एकाच खात्यात पडतात. खात्याला आधार क्रमांक दिलेला असणे आणि ते खाते थेट लाभासाठी जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रातल्या बायांसाठी ओळखायची सोपी खूण आहे: लाडकी बहीण योजनेचे पैसे ज्या खात्यात येतात तेच ते खाते. खात्री करायची तर myaadhaar.uidai.gov.in वर ओटीपीने शिरून बँक जोडणीची स्थिती पाहता येते, तिथे बँकेचे नाव दिसते. नोंदणीच्या वेळी त्याच खात्याचे पासबुक द्यावे. पैसे आले नाहीत अशी ओरड करण्याआधी त्या खात्याची नोंद भरून घ्यावी.

अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंतचे ई-व्हाउचर मिळते. ते रोख पैसे नाहीत. "व्हाउचर द्या, पैसे घ्या" असे सांगणाऱ्याला ओटीपी देऊ नये. एकदा वापरले गेलेले व्हाउचर पुन्हा मिळत नाही.

आता कर्ज. मूलभूत प्रशिक्षण झालेल्याला पहिल्या टप्प्यात 1 लाखापर्यंत, 18 महिन्यांत फेडायचे. ते नीट फेडले आणि प्रगत प्रशिक्षण घेतले किंवा डिजिटल व्यवहार केले, तर दुसऱ्या टप्प्यात 2 लाखांपर्यंत, 30 महिन्यांसाठी. तारण लागत नाही. व्याज अर्जदाराला 5 टक्के पडते, वरचे 8 टक्के सरकार बँकेला देते. पूर्ण 1 लाख घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे 5,778 रुपये येतो आणि 18 महिन्यांत व्याज साधारण 4,000 रुपये जाते. हेच कर्ज 13 टक्क्यांनी घेतले असते तर व्याज 10,600 च्या आसपास गेले असते. फायदा खरा आहे. पण प्रश्न व्याजाचा नाही, हप्त्याचा आहे.

या बाईंना कर्ज हवे होते ते सुतासाठी. सध्या बोटमालक नायलॉनचे सूत आणून देतो आणि त्या मजुरीवर विणतात. सूत स्वतःचे असेल तर तयार पाग स्वतः विकता येतो. मात्र नवे पाग वर्षभर सारखे विकले जात नाहीत, आणि दुरुस्तीची मजुरी काही बोटमालक हंगाम सुरू झाल्यावरच देतात. दरमहा पावणेसहा हजार काढणे त्यांना झेपणारे नव्हते. म्हणून 50,000 रुपये मागितले, हप्ता सुमारे 2,889. हा आकडा त्यांच्या सर्वांत कमी मिळकतीच्या महिन्यावर बेतला होता, सर्वांत चांगल्या महिन्यावर नाही. पहिले कर्ज थकले तर दुसरा टप्पा मिळत नाही, हे मनाशी धरूनच रक्कम ठरवावी. बँक कर्ज द्यायलाच बांधील आहे असेही समजू नये. बचत गटाचे किंवा मायक्रो फायनान्सचे हप्ते थकलेले असतील तर ते बँकेच्या तपासणीत दिसतात. अर्जाआधी ते मिटवलेले बरे.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा. विश्वकर्मा ओळखपत्र म्हणजे विमा नव्हे आणि पेन्शनही नव्हे. कोणी दगावले तर या कार्डावर पैसे मिळत नाहीत. त्यासाठी वेगळी नोंद करावी लागते आणि ती त्याच चार कागदांवर होते, म्हणून आम्ही ती एकाच फेरीत करून घेतो. eshram.gov.in वर असंघटित कामगार म्हणून नोंद मोफत होते आणि 12 अंकी क्रमांक मिळतो. जिथे बचत खाते आहे त्या बँकेत सुरक्षा विमा वर्षाला 20 रुपयांत मिळतो. वय 18 ते 70, अपघाती मृत्यूला 2 लाख. जीवनज्योती विमा 436 रुपयांत, वय 18 ते 50, कोणत्याही कारणाने मृत्यू झाला तरी 2 लाख. नवीन घेतलेल्या जीवनज्योतीत पहिल्या 30 दिवसांत अपघाताखेरीज अन्य कारणाने मृत्यू झाला तर पैसे मिळत नाहीत. दोन्ही विमे 1 जून ते 31 मे असे चालतात आणि हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप वळता होतो. त्या वेळी खात्यात 456 रुपये नसले तर विमा तुटतो. हंगाम संपत आलेला, हातात पैसा कमी, आणि नेमका हाच हप्ता चुकतो. मेच्या पहिल्या पंधरवड्यात 500 रुपये खात्यात टाकून ठेवावेत आणि जूनमध्ये पासबुकात दोन्ही नोंदी पाहाव्यात. श्रमयोगी मानधन पेन्शन या बाईंना मिळू शकली नाही, कारण तिथे 18 ते 40 वयातच नाव घालता येते. मुलाला मात्र येत्या काळात, कमाई सुरू झाल्यावर, घालता येईल.

नवऱ्याची नोंद वेगळ्या दारातून जाते. बायकोला विश्वकर्मा मिळाले म्हणून त्याचा मच्छीमार म्हणून असलेला हक्क जात नाही. केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेतल्या सामूहिक अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर 5 लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला 2.5 लाख आणि रुग्णालयाच्या खर्चासाठी 25,000 रुपयांपर्यंत मिळतात. हप्ता सरकार भरते. त्याची nfdp.dof.gov.in वर नोंद करून ठेवली, पण तेवढ्यावर विमा सुरू झाला असे धरू नये. विम्याच्या यादीत नाव गेले आहे का, हे मच्छीमार सोसायटीत किंवा तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दरवर्षी विचारावे, कारण पॉलिसी वर्षाची असते. खलाशी दुसऱ्याच्या बोटीवर असल्यामुळे मालकाच्या यादीत आपले नाव असेल असे समजून बसतात, आणि मालकाला वाटते की खलाशाने स्वतःच नोंद केली असेल.

बुडून मृत्यू झाला तर पोलिसांकडे लगेच नोंद होणे हा दाव्याचा पाया आहे. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर अपघात सिद्ध होत नाही. दुःखाच्या भरात शवविच्छेदनाला नकार दिला जातो आणि नंतर दावा अडतो. बँकेच्या सुरक्षा विम्याचा दावा शक्यतो 30 दिवसांच्या आत शाखेत दाखल करावा. तो मच्छीमारांच्या विम्याखेरीज वेगळा मिळतो, दोन्हींचे अर्ज स्वतंत्र करावेत. देह सापडलाच नाही तर प्रकरण फार कठीण होते, कारण बेपत्ता माणूस मृत धरायला कायद्यात सर्वसाधारणपणे 7 वर्षे जावी लागतात. अशा वेळी बोट बंदरातून सुटताना किती माणसे होती याची नोंद, सोबतच्या खलाशांचे जबाब आणि बेपत्ताची तक्रार त्याच दिवशी झालेली असणे, एवढ्यावरच पुढची कार्यवाही उभी राहते.

हातमाग विणकरांना विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत जागा नाही, हेही सांगून ठेवतो, कारण येवल्याच्या पैठणी विणणाऱ्यांकडूनही हीच चौकशी येते. त्यांच्या नोंदीचा आधार हातमाग विणकर म्हणून मिळणारे ओळखपत्र आहे. राज्याच्या 2023 ते 2028 च्या वस्त्रोद्योग धोरणात प्रमाणित हातमाग विणकरांना उत्सव भत्ता आहे, पुरुषांना वर्षाला 10,000 आणि महिलांना 15,000 रुपये. यंत्रमागावर काम करणाऱ्याला तो लागू नाही. पण एका घरात नवरा माग चालवतो आणि बायको शिवणकाम करते, असे असेल तर नवऱ्याने हातमागाची आणि बायकोने शिंपी म्हणून विश्वकर्माची नोंद करायला हरकत नाही. या दोन वेगळ्या योजना आहेत आणि "कुटुंबातून एक" ही अट विश्वकर्माच्या आतली आहे.